भिंगाची साक्ष : छायाचित्र सांगितलेल्याच कॅमेऱ्याने काढले का, हे कसे तपासतात?

१/
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी हत्या झाली. दुसऱ्या दिवशी डॅलसच्या पोलिसांना संशयित ली हार्वी ऑस्वल्डच्या सामानात काही छायाचित्रे सापडली. घरामागच्या अंगणात तो हातात रायफल आणि कमरेला पिस्तूल घेऊन उभा होता. चौकशीत त्याने सांगितले की चेहरा आपला आहे, पण धड आपले नाही. कोणीतरी डोके चिकटवले आहे. २४ नोव्हेंबरला तो स्वतःच मारला गेला. वाद मात्र जिवंत राहिला.

२/
त्या वादातून एक साधा वाटणारा प्रश्न पुढे आला. हे छायाचित्र अमुक एका कॅमेऱ्यातूनच आले, असे सांगता येते का? ऑस्वल्डचा म्हणून जो कॅमेरा पुढे आला तो ‘इम्पीरियल रिफ्लेक्स’ होता. तो अमेरिकेत बनलेला आणि स्वस्त होता. त्याचा फोकस पक्का बसवलेला होता आणि शटरला एकच वेग होता. एफबीआयचे छायाचित्रतज्ज्ञ लिंडल शेनिफेल्ट यांनी १९६४ मध्ये वॉरन आयोगापुढे त्याविषयी साक्ष दिली.

३/
शेनिफेल्ट यांनी त्याच कॅमेऱ्याने नवी निगेटिव्ह तयार केली आणि ती अंगणातल्या छायाचित्राच्या उपलब्ध निगेटिव्हशेजारी ठेवली. फिल्मच्या पुढे जी चौकट असते, तिच्या कडांचे बारीक खाचखळगे प्रत्येक निगेटिव्हच्या किनारीवर उमटतात. दोन्ही किनारी जुळल्या. ही निगेटिव्ह याच कॅमेऱ्यात तयार झाली, अन्य कोणत्याही नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. ज्या छायाचित्राची निगेटिव्ह नव्हती, केवळ छापील प्रत होती, तिच्याबद्दल त्यांनी असा निर्वाळा दिला नाही. त्या प्रतीवर ती किनारच आलेली नव्हती.

४/
पुढच्या सगळ्या विषयाची किल्ली येथे आहे. चौकटीची कड ही एकाच कॅमेऱ्याची खूण असते. भिंगाचे दोष हे एका जातीच्या सर्व कॅमेऱ्यांचे लक्षण असते. एकाच साच्यातून निघालेली हजारो भिंगे सरळ रेषा जवळपास सारख्याच वाकवतात आणि कोपरे जवळपास सारखेच काळोखतात. म्हणून भिंगाची साक्ष ‘हा तो कॅमेरा नव्हे’ असे ठामपणे सांगू शकते. ‘हाच तो’ असे सांगताना मात्र तिला थांबावे लागते.

५/
आधी पहिला दोष पाहू. चित्राच्या मध्यापासून दूर जाताना भिंगाचे वर्धन किंचित बदलते. कडेकडे ते कमी झाले, तर इमारतीची सरळ कड बाहेरच्या बाजूला फुगते. पिंपाच्या फळ्यांप्रमाणे दिसणारे हे बॅरल विरूपण. वर्धन वाढले, तर रेषा मध्याकडे खचते. ते पिनकुशन विरूपण. मध्यबिंदूतून जाणारी रेषा दोन्ही प्रकारांत सरळच राहते. त्यामुळे तपासणीला चित्राच्या कडेजवळच्या रेषा लागतात, मधल्या नव्हेत.

६/
हा दोष मोजण्याची गरज न्यायालयांच्या आधी नकाशे करणाऱ्यांना आणि आकाशातल्या वस्तूंचा माग घेणाऱ्यांना पडली. विमानातून घेतलेल्या चित्रावरून अंतरे मोजायची, तर भिंगाची चूक आधी वजा करावी लागते. भिंगाचे घटक एका अक्षावर नीट बसले नाहीत तर काय होते, याचे गणित अलेक्झांडर कॉनरॅडी यांनी १९१९ मध्ये मांडले. क्षेपणास्त्रांच्या मागासाठी कॅमेरे वापरणाऱ्या डुआन ब्राउन या अमेरिकन अभियंत्याने १९६६ मध्ये ते पुढे नेले. आज हे प्रतिमान ब्राउन-कॉनरॅडी या जोडनावाने ओळखले जाते.

७/
ब्राउन यांची १९७१ मधली युक्ती गवंड्यालाही पटेल अशी होती. वजन बांधून सोडलेला ओळंबा सरळच असतो. असे अनेक दोरे लटकवून त्यांचे छायाचित्र घ्यायचे. चित्रात ते वाकलेले दिसले, तर तो वाक दोऱ्याचा नाही, भिंगाचा आहे. प्रत्येक दोरा पुन्हा सरळ होईल असे आकडे शोधायचे. तेच त्या भिंगाचे विरूपण. त्याच अभ्यासात त्यांनी दाखवले की हे आकडे फोकसच्या अंतरानुसारही बदलतात. ही गोष्ट पुढे तपासणाऱ्यांना वारंवार आठवावी लागणार होती.

८/
हे सारे एका ओळीत मावते. r म्हणजे मध्यापासून बिंदूचे खरे अंतर, आणि r' म्हणजे चित्रात दिसणारे अंतर.

```
r' = r (1 + k1·r² + k2·r⁴)
```

k1 ऋण असेल तर बॅरल, धन असेल तर पिनकुशन. k2 ही दूरच्या कोपऱ्यांसाठीची बारीक दुरुस्ती. भिंगाची ‘प्रोफाइल’ म्हणतात ती मुख्यतः अशा आकड्यांची यादी असते; झूमच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी.

९/
दुसरा दोष कोपऱ्यांतल्या अंधारीचा. त्याला व्हिनिएटिंग म्हणतात. त्यातला एक भाग शुद्ध भूमितीचा आहे. तिरपा येणारा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. अक्षापासून ३० अंशांवर हा हिशेब ०.५६ येतो, म्हणजे साध्या भिंगात तेथे मध्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक प्रकाश पोहोचतो. आधुनिक रुंद कोनाच्या भिंगांची रचना ही घट बरीच कमी करते. किती कमी, हे त्या त्या भिंगाच्या रचनेवर ठरते, म्हणून तीही ओळख बनते.

१०/
दुसरा भाग भिंगाच्या नळीचा. छिद्र पूर्ण उघडे असताना तिरप्या किरणांना नळीची कड आडवी येते आणि कोपरे काळोखतात. छिद्र लहान केले की मधल्या भागातून जाणारे किरणच उरतात आणि ही अंधारी जवळपास नाहीशी होते. यातून एक उपयुक्त विसंगती हाती लागते. छिद्र बरेच लहान केले होते असे फाइल सांगते, आणि कोपरे मात्र पूर्ण उघड्या छिद्रासारखे काळे आहेत. तर चित्र आणि फाइलमधली नोंद यांपैकी एकाला उत्तर द्यावे लागेल.

११/
डिजिटल काळात हे दोष ओळखपरेडीला उभे राहिले ते २००६ च्या सुमारास. हाँगकाँग विद्यापीठातील चोई, लॅम आणि वाँग यांनी चित्रांतील रेषांच्या वाकावरून विरूपणाचे आकडे काढले आणि ते आकडे पाहून चित्र पाच कॅमेऱ्यांपैकी कोणाचे, हे संगणकाकडून ओळखवून घेतले. यश चांगले मिळाले. झूम बदलला की चुका कशा बदलतात, हेही त्यांनी तपासले. २०१० मध्ये सिवेई ल्यू यांनी केवळ एका चित्रावरून कोपऱ्यांच्या अंधारीचा आलेख काढून तो सत्यतेच्या तपासणीसाठी वापरण्याची पद्धत मांडली.

१२/
प्रत्यक्ष तपासणी कशी चालते, ते एका कल्पित उदाहरणावर पाहू. एक चित्र ६००० × ४००० पिक्सेलचे आहे. दावा असा की ते विशिष्ट कॅमेऱ्याने, त्याच्यासोबत मिळणाऱ्या झूम भिंगाने, १८ मिलिमीटरवर, कोणतीही दुरुस्ती न करता घेतले. चित्रात एका इमारतीची सरळ कंगोरी मध्यापासून १८०० पिक्सेल वर, डावीकडून उजवीकडे ५४०० पिक्सेल पसरली आहे. त्या भिंगाचा १८ मिलिमीटरवरचा k1 चाचणीतून −०.०४ मिळाला आहे. k2 येथे शून्य धरू, म्हणजे हिशेब सोपा राहील.

१३/
मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर एक मानू. पिक्सेलमध्ये ते सुमारे ३६०६. कंगोरीचा मधला बिंदू मध्यापासून ०.५ अंतरावर आहे. सूत्राने तो १८०० वरून सुमारे १७८२ वर सरकतो. तिची टोके मध्यापासून ०.९ अंतरावर आहेत. ती सुमारे १७४२ वर येतात. म्हणजे मध्य आणि टोके यांत ४० पिक्सेलचा फरक पडला पाहिजे, आणि कंगोरी कमानीसारखी वर फुगलेली दिसली पाहिजे. दावा खरा असेल तर चित्रात हा ४० पिक्सेलचा वाक सापडायला हवा.

१४/
आता समजा, मोजल्यावर कंगोरी उलट बाजूला, म्हणजे चित्राच्या मध्याकडे, १० पिक्सेल खचलेली आढळली. सूत्र उलटे चालवले की k1 सुमारे +०.०१ येतो. हा पिनकुशनचा आकडा झूम लांब केलेल्या भिंगाला शोभतो, १८ मिलिमीटरच्या टोकाला नाही. येथे दाव्याला मोठा तडा जातो. फाइलमधली `FocalLength` ही नोंद आणि चित्रातली रेषा या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. नोंद काही सेकंदांत बदलता येते. रेषा बदलायची तर सगळे चित्र नव्याने ताणावे लागते.

१५/
एका कंगोरीवर निकाल देत नाहीत, त्याला कारण आहे. वास्तू स्वतःच वाकडी असू शकते. जुनी तुळई मध्ये झोळ खाते, विजेची तार तर नेहमीच खाते. म्हणून चित्राच्या वेगवेगळ्या भागांतल्या अनेक रेषा घेतात आणि एकच k1 त्या सगळ्यांना सरळ करतो का, ते पाहतात. भिंगाचा दोष सर्व रेषांना एकाच केंद्राभोवती एकाच नियमाने वाकवतो. बांधकामाचा दोष एकाच भिंतीपुरता असतो. नियमाबाहेर वागणारी एकटी रेषा दिसली, तर आधी त्या जागी जाऊन भिंत पाहणे बरे.

१६/
या हिशेबातून आणखी एक आकडा निघतो : विरूपणाचे केंद्र. न कापलेल्या चित्रात ते चित्राच्या मध्याजवळ असते. भिंग अगदी बिनचूक बसत नाही म्हणून थोडे इकडेतिकडे होते. ते शेकडो पिक्सेल डावीकडे निघाले, तर चित्राची एक बाजू कापली गेली असण्याची दाट शक्यता असते. व्हिनिएटिंगचेही असेच केंद्र काढता येते. दोन्ही केंद्रे स्वतंत्रपणे मोजून जवळजवळ एकाच ठिकाणी आली, तर कापल्याचा निष्कर्ष बळकट होतो. ती दूर पडली, तर एक तर मोजणी चुकली आहे किंवा अंधारी नंतर हाताने रंगवली आहे.

१७/
अंधारी मोजताना मात्र मोठे धोके आहेत. फाइलमधला उजेडाचा आकडा प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात नसतो. कॅमेरा त्याला डोळ्यांना रुचेल असा वळसा देतो. तो वळसा आधी उलगडावा लागतो. शिवाय दृश्य स्वतःही उजळ-काळे असते. संध्याकाळचे आकाश एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला मंद असते. म्हणून तपासणारा चारही कोपऱ्यांकडे होणारी उतरण एकसारखी आहे का ते पाहतो. एकाच बाजूला उतरणारा प्रकाश सूर्याचा समजावा. चहूकडे सारखा उतरणारा प्रकाश भिंगाचा असण्याचा संभव अधिक.

१८/
या पद्धतीला खरा हादरा दिला तो कॅमेरा बनवणाऱ्यांनीच. २००८ च्या सुमारास आलेल्या मायक्रो फोर थर्ड्स वर्गातल्या कॅमेऱ्यांनी भिंगाचे विरूपण कॅमेऱ्यातच गणिताने सरळ करण्याची वाट रुळवली. भिंग लहान आणि स्वस्त करता येते, उरलेली चूक संगणक दुरुस्त करतो. २०१० मध्ये अडोबीने फोटोशॉपसारख्या आज्ञावलींत भिंगांच्या तयार प्रोफाइल दिल्या. ‘लेन्सफन’ नावाचा मुक्त संग्रहही अशाच आकड्यांचा आहे. आजच्या मोबाइलमध्ये दुरुस्ती केलेले चित्रच सहसा हाती पडते.

१९/
याचा अर्थ उदाहरणातली कंगोरी ४० पिक्सेलऐवजी दोनच पिक्सेल वाकलेली सापडली, तर लगेच ‘खोटे’ म्हणता येत नाही. दुरुस्ती चालू असलेला कॅमेरा तसेच देईल. आता महत्त्व दाव्यातल्या शब्दांना येते. ‘कोणतीही दुरुस्ती न करता’ असे सांगितले असेल, तर दावा पडतो. ‘कॅमेऱ्यातून आले तसे’ एवढेच सांगितले असेल, तर त्याच जातीच्या कॅमेऱ्याने, त्याच झूमवर आणि साधारण त्याच अंतरावर दुरुस्ती चालू ठेवून व बंद ठेवून नमुने घ्यावे लागतात. शेनिफेल्ट यांनी संशयित कॅमेऱ्यानेच नवी निगेटिव्ह केली, त्यामागची शिस्त हीच होती.

२०/
दुरुस्तीने खूण पुसली जाते, आणि स्वतः एक नवी खूणही ठेवून जाते. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन विद्यापीठाचे मिरोस्लाव गोल्यान आणि जेसिका फ्रिडरिक यांनी ते २०१४ मध्ये दाखवले. संवेदकावरून आकडे ओळी-स्तंभांनी वाचले जातात, त्यामुळे चित्रात डोळ्यांना न दिसणारी सरळ रेघांची क्षीण जाळी उरते. भिंगाची दुरुस्ती त्यानंतर होते. ती चित्राबरोबर ही जाळीही वाकवते. मग तपासणारा चित्र निरनिराळ्या प्रमाणांत उलट वाकवून पाहतो. जाळी ज्या प्रमाणाला सर्वांत ठळक होते, तेवढी दुरुस्ती झाली होती असे ठरते. त्यासाठी फाइलमधली नोंद लागत नाही आणि चित्रात इमारतही लागत नाही.

२१/
ब्राउन यांचा ओळंबा येथे वेगळ्या रूपात परत येतो. तेव्हा दोरे सरळ होते आणि भिंगाने ते वाकवले. आता संवेदकाची जाळी सरळ असते आणि दुरुस्ती तिला वाकवते. मिळालेला दुरुस्तीचा आकडा सांगितलेल्या कॅमेऱ्याच्या आकड्याशी जुळतो का, हे पाहून कॅमेऱ्यांची यादी लहान करता येते. पण यादी लहान होते, एकावर येत नाही. त्या जातीचा प्रत्येक कॅमेरा तीच दुरुस्ती करतो.

२२/
एकावर यायचे तर चौकटीच्या खाचखळग्यांसारखे काहीतरी लागते. डिजिटल कॅमेऱ्यात ते काम संवेदकाचा ठसा करतो. प्रत्येक पिक्सेल प्रकाशाला किंचित वेगळा प्रतिसाद देतो आणि तो नमुना त्या एका संवेदकाचाच असतो. यान लुकाश, फ्रिडरिक आणि गोल्यान यांनी २००६ मध्ये त्यावरून कॅमेरा ओळखून दाखवला. हा ठसा जुळवताना मात्र पिक्सेल जागच्या जागी असावे लागतात. दुरुस्तीने ते सरकले, तर खऱ्या कॅमेऱ्याचाही ठसा जुळत नाही. आधी दुरुस्ती किती झाली हे काढायचे, ती उलटवायची, मग ठसा पाहायचा. येथे भिंगाचे गणित मुख्य साक्षीदाराला वाट करून देते.

२३/
फसवणारा काय करू शकतो, हेही लक्षात ठेवावे लागते. प्रोफाइल सर्वांना खुल्या आहेत. त्या उलट लावून सरळ चित्राला हवा तो वाक देता येतो, कोपरेही काळे करता येतात. म्हणून आकडे जुळले म्हणजे दावा सिद्ध झाला, असे कोणताही काळजीपूर्वक तज्ज्ञ म्हणणार नाही. शिवाय अदलाबदल करता येणाऱ्या भिंगाच्या कॅमेऱ्यांत हे आकडे भिंगाचे असतात, कॅमेऱ्याचे नसतात. तेच भिंग मित्राच्या कॅमेऱ्यावर चढले, तर वाक तोच राहील. आणि संदेशांतून फिरून लहान झालेल्या, कापलेल्या चित्रात मोजण्यासारखे फार थोडे उरते.

२४/
म्हणून चांगल्या अहवालाची भाषा मोजकी असते. ‘चित्रातील विरूपण सांगितलेल्या भिंगाशी विसंगत आहे’ हे वाक्य बळकट आहे, कारण एक खरा विरोध दाव्याला पुरतो. मात्र दुरुस्ती, कापणी आणि झूम हे तिन्ही पर्याय आधी तपासलेले असावे लागतात. ‘सुसंगत आहे’ हे वाक्य दुबळे आहे. त्याचा अर्थ एवढाच की हा कॅमेरा संशयाच्या यादीत राहतो, आणि त्याच्यासोबत त्याच्या जातीचे बाकीचे सगळे राहतात.

२५/
ऑस्वल्डच्या छायाचित्रांचा वाद १९६४ मध्ये मिटला नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीने तज्ज्ञांच्या मंडळाकडून ती पुन्हा तपासून घेतली आणि बनावटीचा पुरावा आढळला नाही, असा निष्कर्ष आला. या सगळ्यात सर्वांत ठाम शब्द ज्या वस्तूबद्दल उच्चारता आले, ती होती वाचलेली एक निगेटिव्ह. तिची किनार कोणी कापली नव्हती. आजही तपासणारा तज्ज्ञ पहिली मागणी तीच करतो : मूळ फाइल द्या, न कापलेली, आणि ज्याने ती काढली असे म्हणता तो कॅमेराही द्या.